ऑनलायेवरून ई-पुस्तक घेताना: जर्मन न येणाऱ्या वाचकासाठी उसनवारी, मुदतवाढ आणि डाउनलोड

जर्मनीत राहायला आल्यावर गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढलं की त्याच कार्डावर ई-पुस्तकंही मिळतात, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. ज्यांना कळतं त्यांतले काही अॅप उघडतात, समोर सगळं जर्मन बघतात आणि बंद करतात. या अॅपचं नाव `Onleihe`, उच्चार साधारण ‘ऑनलाये’. ‘ऑनलाइन’ आणि ‘आउसलाये’ म्हणजे उसनं देणं, या दोन शब्दांची ती जोडणी. 2007 पासून ही सेवा चालू आहे. जर्मन भाषा पक्की नसली तरी आठ-दहा शब्दांवर काम भागतं, पण ते शब्द नुसते शब्दकोशातल्या अर्थाने कळून उपयोग नाही. ते बटण दाबल्यावर नक्की काय होतं, हे कळायला हवं.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे मराठी पुस्तकं मिळतील या आशेने जाऊ नका. संग्रह मुख्यतः जर्मन, आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीही बऱ्यापैकी असतो. जर्मन शिकणाऱ्यांना मात्र ही खाण आहे, कारण पातळीनुसार लिहिलेली छोटी वाचनपुस्तकं आणि परीक्षेच्या तयारीची पुस्तकं इथे मिळतात. शोधाच्या चौकटीत `Deutsch als Fremdsprache` टाकलं की ती समोर येतात. फक्त इंग्रजी पुस्तकं हवी असतील तर सविस्तर शोधात, म्हणजे `Erweiterte Suche` मध्ये, `Sprache` ही चौकट शोधून तिथे `Englisch` निवडा.

आत शिरताना

अॅप पहिल्यांदा उघडलं की ते तुमचं वाचनालय विचारतं. इथेच पहिला घोटाळा होतो. सगळ्या जर्मनीची मिळून एकच ऑनलाये नाही. काही शहरांची स्वतःची आहे, तर अनेक लहान गावांनी मिळून एक सामायिक संघ केलेला असतो, उदाहरणार्थ हेसेन राज्यातला `OnleiheVerbundHessen` किंवा न्यूर्नबर्गच्या परिसरातली `franken-onleihe`. संघ निवडल्यावर त्याच्या यादीतून पुन्हा आपल्या गावाचं वाचनालय निवडावं लागतं. शेजारच्या गावाचं निवडलं तर कार्ड क्रमांक बरोबर असूनही लॉगिन होत नाही, आणि चूक क्रमांकात आहे असं समजून माणूस तोच क्रमांक दहा वेळा टाकत बसतो.

कार्डाच्या क्रमांकाच्या चौकटीवर `Ausweisnummer` किंवा `Benutzernummer` असं लिहिलेलं असतं. कार्डावर छापलेला क्रमांक सुरुवातीच्या शून्यांसकट आणि अक्षर असेल तर त्यासकट टाका, मधली रिकामी जागा मात्र टाकू नका. `Passwort` च्या जागी पुष्कळ वाचनालयांत सुरुवातीला जन्मतारीखच असते, आठ आकडी आणि मध्ये टिंब न देता. जन्म 7 मार्च 1994 चा असेल तर `07031994`. याच रचनेला ते `TTMMJJJJ` म्हणतात: दिवसाला टी, महिन्याला एम, वर्षाला जे.

सगळं बरोबर टाकूनही आत जाता आलं नाही, तर तो दोष बहुधा अॅपचा नसतो. कार्डाची वार्षिक मुदत संपलेली असते किंवा छापील पुस्तक उशिरा परत केल्याचा दंड थकलेला असतो. वाचनालय तसं कार्ड अडवून ठेवतं आणि ऑनलायेला त्याच्याकडून फक्त नकार मिळतो. अशा वेळी पडद्यावर `gesperrt` (अडवलेलं) किंवा `abgelaufen` (मुदत संपलेलं) यांपैकी एखादा शब्द दिसतो का, ते बघा. तो दिसला तर खिडकीवर जाऊन पैसे भरण्याशिवाय इलाज नाही.

पुस्तक ‘शिल्लक नाही’ म्हणजे काय

पुस्तकाच्या पानावर मुखपृष्ठाशेजारी किंवा खाली चार आकडे असतात. हे पान घाईत ओलांडू नका, पुढचं सगळं गणित त्यावरच आहे. `Exemplare` म्हणजे वाचनालयाकडे असलेल्या प्रती, `Verfügbar` म्हणजे त्यांतल्या या क्षणी मोकळ्या असलेल्या, `Vormerker` म्हणजे रांगेत उभे असलेले वाचक, आणि `Voraussichtlich verfügbar ab` म्हणजे अमुक तारखेपासून मिळेल असा अंदाज.

डिजिटल फाइलला प्रती कशा असतील, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. वाचनालय प्रकाशकाकडून फाइल विकत घेत नाही, परवाना घेतं, आणि त्या परवान्याची अट अशी की एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. तीन परवाने घेतले असतील तर चौथ्याला थांबावं लागतं, छापील पुस्तकासारखंच. 2016 साली युरोपीय न्यायालयाने ई-पुस्तकांच्या वाचनालयीन उसनवारीला मान्यता दिली, तीही याच ‘एक प्रत, एक वाचक’ पद्धतीला धरून. त्यामुळे खिडकीवर जाऊन ‘फाइल तर आहे ना, मग द्या की’ म्हणण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातात ते नसतं.

प्रत मोकळी असेल तर बटणावर `Ausleihen` (आउसलायन) असतं, म्हणजे ‘घ्या’. ते दाबण्यापूर्वी मुदतीची निवड दिसते का ते बघा. तिला `Leihfrist` किंवा `Ausleihdauer` म्हणतात. ई-पुस्तकाला बहुतेक ठिकाणी 14 किंवा 21 दिवस मिळतात आणि त्याहून कमी दिवस निवडण्याची सोय असते. वर्तमानपत्रं आणि मासिकं यांची मुदत फार आखूड, काही तास ते एक दिवस. मासिक संध्याकाळी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं नाही, तर बिघाड झालेला नाही, मुदत संपली आहे.

मुदत मिनिटावर मोजली जाते, दिवसावर नाही. 2 मार्च 2026 ला रात्री 9:40 ला 21 दिवसांसाठी घेतलेलं पुस्तक 23 मार्चला रात्री 9:40 ला बंद होतं. शेवटचं प्रकरण ‘त्या रात्री झोपताना वाचू’ म्हणून ठेवणाऱ्यांची इथे फजिती होते. दुसऱ्या बाजूने पाहता उशिराचा दंड हा प्रकारच इथे नाही, कारण पुस्तक आपोआप परत जातं.

रांगेत नाव लावणं

प्रत मोकळी नसेल तर त्याच जागी `Vormerken` (फोरमेर्कन) येतं. हे आरक्षण. त्याच्याच आसपास `Merkzettel` नावाची गोष्ट असते आणि दोन्हींत ‘मेर्क’ असल्यामुळे नवखा वाचक हमखास गोंधळतो. `Merkzettel` ही तुमची खाजगी टिपणवही आहे. तिथे टाकलेलं पुस्तक वर्षभर पडून राहिलं तरी तुमचा नंबर लागणार नाही.

आरक्षण करताना ईमेल पत्ता मागितला जातो. तो एकदा टाइप झाल्यावर पुन्हा वाचून बघा. एक अक्षर चुकलं तर सूचना भलतीकडे जाते आणि तुम्हाला कळतही नाही. पुस्तक तुमच्यासाठी मोकळं झालं की ते साधारण 48 तास राखून ठेवतात. त्या वेळात तुम्ही स्वतः जाऊन `Ausleihen` दाबायचं असतं, पुस्तक आपोआप तुमच्या नावावर चढत नाही. 48 तास उलटले की ते पुढच्या माणसाला जातं आणि तुम्ही रांगेतून बाहेर. अशी सूचना स्पॅममध्ये जाण्याचं प्रमाण थोडं नाही, म्हणून अंदाजाची तारीख जवळ आली की खात्यातली आरक्षणांची यादी, `Vormerkungen`, दर दिवसाआड उघडून बघणं बरं.

थांबावं किती लागेल, याचा हिशोब घरी करता येतो. समजा एका कादंबरीच्या 3 प्रती आहेत, तिन्ही बाहेर आहेत, रांगेत 6 जण आहेत आणि मुदत 21 दिवसांची आहे. तुम्ही सातवे. प्रती परत येतात त्या तिनाच्या खेपेने: पहिल्या खेपेत रांगेतले पहिले तिघे, दुसऱ्या खेपेत पुढचे तिघे, आणि तिसऱ्या खेपेत तुम्ही. सगळ्यांनी पूर्ण मुदत वापरली तर तीन गुणिले 21, म्हणजे 63 दिवस. मधल्या दोन खेपांत प्रत्येकाने 48 तास लावून पुस्तक उचललं तर आणखी 4 दिवस. 2 मार्चला नाव लावलं असेल तर वाईटात वाईट 8 मेच्या आसपास. प्रत्यक्षात पुष्कळदा याच्या आधीच मिळतं, कारण काही जण वाचून लवकर परत करतात आणि काही जण सूचना येऊनही घेतच नाहीत. म्हणून पडद्यावरच्या अंदाजाच्या तारखेला ‘त्या दिवशीच मिळेल’ असं वाचू नका, ‘फार तर तोवर’ असं वाचा.

मुदतवाढ

`Verlängern` (फेरलेंगर्न) म्हणजे लांबवणं. आपल्याकडे वाचनालयात पुस्तक ‘पुन्हा नावावर लावून’ घेतात, तेच हे. पण इथे ते नेहमी जमत नाही, आणि बटण दिसत नाही म्हणून अॅप बिघडलंय असं समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्याची कारणं ठरलेली आहेत. रांगेत एकही माणूस असेल तर मुदतवाढ नाही. मुदत संपायला बरेच दिवस बाकी असतील तर बटण अजून यायचं असतं. आणि मुदतवाढ द्यायची की नाही, किती वेळा द्यायची, हे ज्याचं त्याचं वाचनालय ठरवतं, त्यामुळे मैत्रिणीच्या अॅपमध्ये दिसणारं बटण तुमच्या अॅपमध्ये नसेलही.

बटण असेल तर खात्यातल्या घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत त्या पुस्तकाशेजारीच सापडतं. दाबल्यावर नवी तारीख दिसते का ते बघितल्याशिवाय पान बंद करू नका. बटण नसेल आणि रांगेतही कोणी नसेल, तर पुस्तक मुदत संपून परत जाऊ द्यायचं आणि लगेच नव्याने घ्यायचं. रांगेत माणसं असतील तर परत जाण्याची वाट न पाहता, जमत असेल तर, आजच आरक्षण लावावं. वाचलेलं कुठवर आलं होतं तो प्रकरणाचा क्रमांक कागदावर टिपून ठेवा. नव्याने घेतलेल्या फाइलमध्ये जुनी खूण राहीलच याची खात्री धरू नका.

डाउनलोड केलेल्या फाइलबाबत एक बारकावा आहे. संगणकावर किंवा ई-रीडरवर उतरवलेल्या फाइलमध्ये संपण्याची तारीख उतरवतानाच कोरलेली असते. खात्यात मुदत वाढली तरी रीडरमधल्या जुन्या फाइलला ते कळत नाही आणि ती जुन्याच तारखेला कुलूप लावून घेते. मुदतवाढीनंतर जुनी फाइल काढून पुस्तक पुन्हा उतरवून घ्यावं लागतं.

डाउनलोड: फोनवर आणि ई-रीडरवर

फोन किंवा टॅबवर वाचणार असाल तर काम सोपं आहे. पुस्तक घेतल्यावर `Herunterladen` (हेरुन्टरलाडन) दाबा, पुस्तक अॅपमध्येच उतरतं आणि तिथेच उघडतं. `Online lesen` असा वेगळा पर्याय दिसला तर तो इंटरनेटवर थेट वाचण्याचा, विमानात कामाचा नाही. भारतात सुट्टीला येणार असाल तर निघण्यापूर्वी पुस्तक उतरवा आणि एकदा फोनचं इंटरनेट बंद करून ते खरंच उघडतं का ते बघा. मुदत मात्र इंटरनेट नसतानाही संपते. फक्त अॅपमध्येच वाचणाऱ्याने खालचा अडोबीचा भाग सोडून दिला तरी चालेल.

ई-रीडरवर वाचायचं असेल तर आधी यंत्र कोणतं ते महत्त्वाचं. अॅमेझॉनचा किंडल रीडर चालत नाही. जर्मनीत घराघरांत दिसणारा टोलिनो चालतो, पॉकेटबुक आणि कोबोही चालतात. अडोबीच्या मार्गाने पुस्तक यांच्यावर न्यायचं तर अडोबी आयडी लागतो. तो फुकट असतो आणि अडोबीच्या संकेतस्थळावर ईमेल देऊन काढता येतो. टोलिनोवर हा आयडी सेटिंगमध्ये एकदा भरला की त्याच्या ब्राउझरमधून ऑनलाये उघडून पुस्तक थेट उतरवता येतं.

संगणकामार्गे करायचं तर ‘अडोबी डिजिटल एडिशन्स’ हा मोफत प्रोग्रॅम लावा. पहिल्या वेळी तो संगणकाची नोंदणी करायला सांगतो. तिथे ‘आयडीशिवाय’ असा एक मोहात पाडणारा चौकोन असतो, जर्मनमध्ये `ohne ID autorisieren`. त्यावर खूण केली की तुमचं काम पाच सेकंदांत होतं आणि पुस्तक त्या संगणकाबाहेर कधीच जात नाही. रीडरवर न्यायचं असेल तर तो चौकोन रिकामा ठेवून आयडी आणि पासवर्ड भरा.

मग ऑनलायेच्या पानावरून डाउनलोड केल्यावर जी फाइल येते तिच्या नावाचा शेवट `.acsm` असा असतो आणि आकार जेमतेम काही किलोबाइट. हे पुस्तक नव्हे, पुस्तक मिळवण्याची चिठ्ठी आहे. ही चिठ्ठी रीडरमध्ये कॉपी करून ‘पुस्तक उघडत नाही’ म्हणणारे खूप असतात. चिठ्ठी अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, तो सर्व्हरकडून खरं पुस्तक आणतो, आणि मग केबलने जोडलेल्या रीडरच्या चिन्हावर ते माउसने ओढून टाकायचं. फाइल व्यवस्थापकातून हाताने कॉपी करू नका, प्रोग्रॅममधूनच टाका.

इथे दोन चुका वारंवार येतात आणि दोन्ही संदेश वाचायला भयानक आहेत.

```
E_LIC_ALREADY_FULFILLED_BY_ANOTHER_USER
E_ADEPT_REQUEST_EXPIRED
```

पहिल्याचा अर्थ, ही चिठ्ठी आधीच दुसऱ्या आयडीवर वठवली गेली आहे. नवऱ्याच्या कार्डावर घेतलेलं पुस्तक आधी त्याच्या लॅपटॉपवर उघडलं आणि मग बायकोच्या आयडीच्या टोलिनोवर टाकायला गेलं, की हाच संदेश येतो. ज्या आयडीवर पहिल्यांदा उघडलं, त्या उसनवारीपुरतं पुस्तक त्याचंच. दोघांच्या यंत्रांवर एकच अडोबी आयडी ठेवणं हा सरळ उपाय आहे, एका आयडीवर सहापर्यंत यंत्रं बसतात. लॅपटॉपवर चुकीचा आयडी बसला असेल तर विंडोजमध्ये प्रोग्रॅम उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकत्र दाबा, नोंदणी निघते आणि नव्याने करता येते.

दुसऱ्याचा अर्थ चिठ्ठी शिळी झाली. आज डाउनलोड केलेली `.acsm` फाइल चार दिवसांनी उघडली तर असं होतं. खात्यात जाऊन पुन्हा `Herunterladen` दाबा आणि ताजी चिठ्ठी लगेच उघडा. ताज्या चिठ्ठीलाही हाच संदेश आला तर यंत्राचं घड्याळ तपासा. बॅटरी पूर्ण संपून पडलेला रीडर किंवा भारतातून परतल्यावर तारीख, वेळ आणि टाइम झोन जुनाच राहिलेला लॅपटॉप, यांना तारखांचा हिशोब जुळत नाही. वाय-फाय लावून तारीख-वेळ नीट करा, यंत्र एकदा बंद करून चालू करा आणि मग प्रयत्न करा.

परत करणं

वाचून झालं की `Zurückgeben` किंवा `Vorzeitige Rückgabe`, म्हणजे मुदतीआधी परत. याचा फायदा रांगेतल्या पुढच्या माणसाला आहेच, तुम्हालाही आहे: एका कार्डावर एका वेळी किती पुस्तकं घ्यावीत याची मर्यादा असते, आणि ती भरली की `Ausleihen` दाबल्यावर नकार येतो. जागा मोकळी करायचा हाच मार्ग. फोनवरून अॅपमधली फाइल पुसणं म्हणजे परत करणं नव्हे. तसं केल्यास पुस्तक मुदत संपेपर्यंत तुमच्याच नावावर राहतं.

संगणकावरून अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये घेतलेलं पुस्तक तिथूनच परत करा: पुस्तकावर उजवं क्लिक करून `Ausgeliehenes Medium zurückgeben`. त्याआधी रीडरमधली प्रत काढून टाका. परत केल्यावर खात्यातली यादी एकदा ताजी करून पुस्तक खरंच गेलं का ते बघा, कधीकधी यादी जुनीच दिसत राहते आणि पान पुन्हा उघडल्यावर बरोबर होते.